एका खुर्चीची कॉस्ट शीट: १,०९६ रुपये कुठून आले आणि १,०२० कसे झाले

लोखंडी पाइप आणि पत्र्यापासून घडीच्या खुर्च्या बनवणारा एक लहान कारखाना घेऊ. मॉडेल एकच. महिनाभरात २,००० खुर्च्या तयार झाल्या आणि १,९०० विकल्या गेल्या. विक्रीचा दर नगाला १,२०० रुपये. महिना संपल्यावर हिशेब विभागाने खर्चाच्या सगळ्या खात्यांची बेरीज केली. ती आली २१,९२,०००. तिला २,००० ने भागून ‘एका खुर्चीचा खर्च १,०९६ रुपये’ असा आकडा मालकाच्या टेबलावर गेला.

त्याच आठवड्यात एका ग्राहकाने ५०० खुर्च्यांची मागणी कळवली. दर १,०८० रुपये, पण माल तो स्वतः कारखान्याच्या दारातून उचलणार आणि व्यवहारात दलाल नाही. खर्च १,०९६ आणि भाव १,०८०, म्हणजे नगामागे १६ रुपयांचा तोटा. नकाराचे पत्र तयार झाले.

पत्र पाठवण्याआधी खर्चाची टप्प्याटप्प्याने मांडणी, म्हणजेच कॉस्ट शीट, केली तेव्हा त्या महिन्याचा विक्री परिव्यय, म्हणजे कॉस्ट ऑफ सेल्स, नगाला १,०२० रुपये निघाला. वह्यांतला एकही आकडा खोटा नव्हता. बिले, पावत्या, पगारपत्रक सगळे जागेवर होते. काही रकमा चुकीच्या ओळीत बसल्या होत्या, काही रकमा त्या महिन्याच्या नव्हत्याच, आणि सगळ्यांना एकाच संख्येने भागले होते. हे प्रकरण त्या मांडणीचे आहे. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत.

पहिला टप्पा: प्राइम कॉस्ट

प्राइम कॉस्ट, म्हणजे मूळ परिव्यय, तीन गोष्टींची बनते: प्रत्यक्ष माल, प्रत्यक्ष मजुरी आणि प्रत्यक्ष खर्च. एखादा खर्च प्रत्यक्ष आहे का, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो. हा खर्च अमुक मॉडेलसाठी झाला असे बोट ठेवून दाखवता येते का?

मालापासून सुरुवात करू. जुन्या बेरजेत खरेदीचा आकडा थेट उचलला होता. खरेदी ११,३८,०००, परत पाठवलेला माल २०,०००, म्हणून ११,१८,०००. पण खरेदी म्हणजे वापर नव्हे. महिन्याच्या सुरुवातीला गोदामात २,४०,००० चा पाइप, पत्रा आणि रंगाची पावडर होती. अखेरीस २,९०,००० ची उरली. साठा ५०,००० ने वाढला, म्हणजे तेवढा माल या महिन्याच्या खुर्च्यांत गेलाच नाही.

दुसरी गोष्ट आवक वाहतुकीची. माल कारखान्यात आणण्याचे भाडे ३०,००० होते. ते ‘वाहतूक’ या खात्यात, माल ग्राहकाकडे पोचवण्याच्या भाड्याबरोबर पडले होते. एकाच ट्रकवाल्याचे बिल असले की हे हमखास होते. आवक भाडे हा कच्च्या मालाच्या किमतीचाच भाग असतो, कारण ते दिल्याशिवाय पत्रा यंत्रापर्यंत येत नाही. त्याची जागा कॉस्ट शीटच्या अगदी वरच्या ओळींत आहे आणि जावक भाड्याची अगदी खालच्या. मधले सगळे टप्पे या दोन जागांच्या दरम्यान येतात. म्हणून ही एक चूक प्राइम कॉस्ट, फॅक्टरी कॉस्ट, उत्पादन परिव्यय आणि अखेरच्या साठ्याची किंमत हे चारही आकडे एकदम कमी दाखवते.

तिसरी गोष्ट: छताच्या गळतीने पत्र्याचा एक गठ्ठा गंजला आणि १८,००० चा माल वाया गेला. कापणीत थोडा पत्रा वाया जाणारच. ते नेहमीचे नुकसान आहे आणि ते चांगल्या खुर्च्यांनीच सोसायचे असते. गळतीने गंजलेला पत्रा मात्र खुर्ची बनवण्यासाठी खर्च झालेला नाही. तो कॉस्ट शीटमधून काढून थेट नफा-तोटा पत्रकात न्यायचा. तसे केले नाही, तर पुढच्या ग्राहकाला दर देताना गळक्या छताची किंमतही त्यात मिसळते.

म्हणजे वापरलेला माल असा: २,४०,००० अधिक ११,१८,००० अधिक ३०,०००, वजा २,९०,०००, वजा १८,०००. उत्तर १०,८०,०००.

मजुरी सोपी आहे. महिन्यात रोख दिलेली मजुरी ३,५५,०००. त्यात मागच्या महिन्याचे १५,००० होते आणि या महिन्याच्या जादा कामाचे २०,००० अजून द्यायचे होते. या महिन्याची मजुरी ३,६०,०००. कॉस्ट शीटला पैसे कधी दिले याच्याशी देणेघेणे नसते, काम कधी झाले याच्याशी असते.

प्रत्यक्ष खर्च ही या टप्प्यातली सर्वात दुर्लक्षित ओळ. खुर्चीच्या बिजागरीच्या आराखड्यासाठी बनलेल्या दर नगामागे १० रुपये रॉयल्टी द्यावी लागते, म्हणजे २,००० नगांचे २०,०००. पाइप वाकवण्याचा खास साचा फक्त याच मॉडेलसाठी भाड्याने घेतला आहे, त्याचे २०,०००. हे ४०,००० जुन्या यादीत ‘कार्यालयीन खर्च’ म्हणून होते, कारण दोन्ही धनादेश कार्यालयातून निघाले होते. धनादेश कुठून निघाला यावरून खर्चाची जागा ठरत नाही. रॉयल्टीच्या बाबतीत करार मात्र नीट वाचायला हवा. ती बनलेल्या नगावर असेल तर प्रत्यक्ष खर्च, विकलेल्या नगावर असेल तर विक्री खर्च.

प्राइम कॉस्ट झाली १०,८०,००० अधिक ३,६०,००० अधिक ४०,०००, म्हणजे १४,८०,०००.

दुसरा टप्पा: फॅक्टरी कॉस्ट

आता कारखान्याचे अप्रत्यक्ष खर्च येतात. पर्यवेक्षकांचा पगार ६०,०००, मदतनीस आणि गोदामातली माणसे ४५,०००, वेल्डिंगचे रॉड, तेल, पुसायच्या चिंध्या वगैरे ३८,०००, वीज ६२,०००, यंत्रांचा घसारा ४०,०००, कारखान्याचे भाडे ५५,०००, दुरुस्ती २०,०००. बेरीज ३,२०,०००.

वेल्डिंगचा रॉड खुर्चीतच जातो, मग तो अप्रत्यक्ष का, असे विचारणारा माणूस बरोबर विचारतो. एका खुर्चीला किती रॉड लागला हे मोजता येते, पण ते मोजण्याची मेहनत मिळणाऱ्या माहितीपेक्षा महाग पडते. अशा किरकोळ मालाला अप्रत्यक्ष धरण्याची रीत आहे. रंगाची पावडर मात्र नगामागे बरीच लागते आणि तोलूनच दिली जाते, म्हणून ती प्रत्यक्ष मालात राहिली.

प्राइम कॉस्टमध्ये हे ३,२०,००० मिळवले की १८,००,००० होतात. इथे लगेच रेघ ओढायची नाही, अजून दोन फेरफार बाकी आहेत.

पहिला भंगाराचा. पत्र्याच्या कातरणीतून ३६,००० मिळाले. जुन्या मांडणीत ही रक्कम ‘इतर उत्पन्न’ होती. पण कातरण ही पत्र्याचीच पडलेली बाजू आहे आणि तिची पूर्ण किंमत आपण वर मालात धरली आहे. मग तिचे परत आलेले पैसेही याच पत्रकात वजा व्हायला हवेत. काही ठिकाणी भंगार थेट मालातून वजा करतात, काही ठिकाणी इथे, कारखान्याच्या खर्चानंतर. एकूण फॅक्टरी कॉस्ट दोन्ही रीतींत सारखीच येते, फक्त प्राइम कॉस्ट बदलते. मालातून वजा केले असते तर ती १४,४४,००० दिसली असती. एक रीत धरावी आणि दर महिन्याला तीच पाळावी, नाहीतर दोन महिन्यांच्या प्राइम कॉस्टची तुलना फसवी ठरते.

दुसरा फेरफार अर्धवट मालाचा. महिन्याच्या सुरुवातीला ६०,००० चे अर्धवट काम यंत्रांवर होते, अखेरीस ८४,००० चे होते. आरंभीचे मिळवायचे, अखेरचे वजा करायचे. हा फेरफार प्राइम कॉस्टच्या पातळीवर का करत नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे. वाकवून, जोडून रंगासाठी थांबलेल्या सांगाड्यावर फक्त पाइप आणि मजुरी खर्च झालेली नाही. त्याने वीज खाल्ली आहे, यंत्राचा वेळ घेतला आहे, पर्यवेक्षकाचे लक्ष घेतले आहे. त्याच्या किमतीत कारखान्याच्या खर्चाचा वाटा असतो, म्हणून त्याची वजाबाकीही तो खर्च मिळवल्यावरच होते. कुणी अर्धवट माल फक्त माल आणि मजुरीच्या किमतीने मोजत असेल, तर फेरफार प्राइम कॉस्टपाशी करावा लागेल. किंमत कोणत्या पातळीची आहे हे आधी पाहावे, मग जागा ठरवावी.

१८,००,००० वजा ३६,०००, अधिक ६०,०००, वजा ८४,०००. फॅक्टरी कॉस्ट, म्हणजे कारखाना परिव्यय, १७,४०,०००. इथपर्यंत पूर्ण झालेल्या खुर्च्या २,०००, म्हणून नगाला ८७०.

तिसरा टप्पा: उत्पादन परिव्यय, आणि कार्यालयीन खर्चाचा वाद

या टप्प्यावर क्रमिक पुस्तके आणि आजची प्रथा यांत फरक पडतो. जुन्या मांडणीत फॅक्टरी कॉस्टमध्ये सगळा कार्यालयीन आणि प्रशासकीय खर्च मिळवून उत्पादन परिव्यय काढत. आता फक्त उत्पादनाशी संबंधित प्रशासन इथे घेतात आणि सर्वसाधारण कार्यालयीन खर्च पुढे, विक्रीच्या बाजूला नेतात.

हा निव्वळ शिस्तीचा प्रश्न नाही. उत्पादन परिव्ययाच्या दराने न विकलेल्या मालाची किंमत ठरते. जो खर्च इथे आत येतो, त्याचा एक भाग अखेरच्या साठ्यात बसून पुढच्या महिन्यात जातो. हिशेबनिसाचा पगार खुर्चीला तयार अवस्थेत आणत नाही, म्हणून तो साठ्यात बसू नये. साठ्याच्या मूल्यमापनाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएएस २ हेच सांगते. माल सध्याच्या जागी आणि सध्याच्या अवस्थेत आणण्याशी ज्या प्रशासकीय खर्चाचा संबंध नाही, तो साठ्याच्या किमतीत धरता येत नाही. विक्री खर्च आणि असाधारण नुकसान यांनाही तिथे मनाई आहे. परीक्षेत जुनी मांडणी विचारली असेल तर ती लिहावी, पण साठ्याची किंमत लावताना हा फरक सोडू नये.

आपल्या कारखान्यात उत्पादन नियोजनाचा खर्च १६,००० आहे आणि गुणवत्ता तपासणीचा २४,०००. शिवाय रंग वाळल्यावर प्रत्येक खुर्चीला प्लॅस्टिकचे आवरण चढवतात, नगाला १० रुपये, म्हणजे २०,०००. हे आवरण नसेल तर खुर्ची गोदामात ठेवताच ओरखडे पडतात. ते साठवणीसाठी लागते म्हणून उत्पादन परिव्ययात येते. ग्राहकाकडे पाठवताना वापरायचा पुठ्ठ्याचा खोका मात्र विक्रीच्या वेळीच लागतो, त्याची जागा खाली आहे. पॅकिंगचे एकच खाते ठेवणाऱ्यांना हा फरक दाखवता येत नाही. निदान दोन उपखाती उघडावीत.

१७,४०,००० अधिक ६०,०००. उत्पादन परिव्यय १८,००,०००, नगाला ९००.

भाजक बदलतो ती जागा

इथपर्यंत सगळे २,००० खुर्च्यांचे होते. यापुढचे सगळे १,९०० खुर्च्यांचे आहे. कॉस्ट शीटमध्ये सर्वात जास्त चुका या सांध्यावर होतात, म्हणून इथे थांबून नगांची जुळवणी आधी करावी आणि रुपयांना नंतर हात लावावा. आरंभीच्या तयार खुर्च्या २००, बनल्या २,०००, विकल्या १,९००, म्हणून उरल्या ३००. गोदामात मोजल्यावर ३०० भरल्या नाहीत, तर पुढचे गणित करण्यात अर्थ नाही.

आरंभीच्या २०० खुर्च्या मागच्या महिन्याच्या ८८० या दराने, म्हणजे १,७६,०००. आधी आलेला माल आधी गेला असे धरले, तर उरलेल्या ३०० या महिन्याच्याच आहेत. त्यांचा दर ९००, किंमत २,७०,०००. विकलेल्या मालाचा परिव्यय १८,००,००० अधिक १,७६,००० वजा २,७०,०००, म्हणजे १७,०६,०००. पडताळा असा: विकलेल्या १,९०० पैकी २०० जुन्या १,७६,००० च्या आणि १,७०० नव्या १५,३०,००० च्या. बेरीज तीच, १७,०६,०००. हा पडताळा दोन ओळींचा आहे, तो पत्रकाखाली लिहूनच ठेवावा.

चौथा टप्पा: विक्री परिव्यय

आता सर्वसाधारण कार्यालयीन खर्च: पगार ६२,०००, कार्यालयाचे भाडे १८,०००, फोन, कागद आणि लेखापरीक्षण १४,०००, एकूण ९४,०००. त्यानंतर विक्री आणि वितरण: पुठ्ठ्याचे खोके नगाला २५ प्रमाणे ४७,५००, जावक भाडे ३८,०००, दलाली नगाला २० प्रमाणे ३८,०००, जाहिरात १४,५००, एकूण १,३८,०००. विक्री परिव्यय १९,३८,०००, आणि १,९०० ने भागल्यावर १,०२०.

पूर्ण पत्रक असे दिसते:

| तपशील | रक्कम (रु.) | बेरीज (रु.) | दर नगामागे (रु.) |
|---|---:|---:|---:|
| कच्चा माल, आरंभीचा साठा | २,४०,००० | | |
| अधिक: खरेदी, परतीचा माल वजा करून | ११,१८,००० | | |
| अधिक: आवक वाहतूक | ३०,००० | | |
| वजा: अखेरचा साठा | (२,९०,०००) | | |
| वजा: असाधारण नुकसान | (१८,०००) | | |
| वापरलेला प्रत्यक्ष माल | | १०,८०,००० | ५४०.०० |
| प्रत्यक्ष मजुरी | | ३,६०,००० | १८०.०० |
| प्रत्यक्ष खर्च | | ४०,००० | २०.०० |
| प्राइम कॉस्ट | | १४,८०,००० | ७४०.०० |
| अधिक: कारखान्याचे अप्रत्यक्ष खर्च | | ३,२०,००० | १६०.०० |
| वजा: भंगार विक्री | | (३६,०००) | (१८.००) |
| अधिक: आरंभीचा अर्धवट माल | ६०,००० | | |
| वजा: अखेरचा अर्धवट माल | (८४,०००) | (२४,०००) | (१२.००) |
| फॅक्टरी कॉस्ट | | १७,४०,००० | ८७०.०० |
| अधिक: नियोजन, तपासणी, आवरण | | ६०,००० | ३०.०० |
| उत्पादन परिव्यय (२,००० नग) | | १८,००,००० | ९००.०० |
| अधिक: आरंभीचा तयार माल (२०० नग) | | १,७६,००० | |
| वजा: अखेरचा तयार माल (३०० नग) | | (२,७०,०००) | |
| विकलेल्या मालाचा परिव्यय (१,९०० नग) | | १७,०६,००० | ८९७.८९ |
| अधिक: सर्वसाधारण कार्यालयीन खर्च | | ९४,००० | ४९.४७ |
| अधिक: विक्री आणि वितरण खर्च | | १,३८,००० | ७२.६३ |
| विक्री परिव्यय | | १९,३८,००० | १,०२०.०० |
| नफा | | ३,४२,००० | १८०.०० |
| विक्री | | २२,८०,००० | १,२००.०० |

शेवटच्या रकान्यात ८९७.८९, ४९.४७ आणि ७२.६३ यांची बेरीज एक पैशाने कमी भरते. तो पूर्णांकनाचा फरक आहे, तो मिटवण्यासाठी कुठलाही आकडा वाकवू नये. वरच्या भागातले दर वाचतानाही एक सावधगिरी हवी. अर्धवट मालाचा फेरफार होण्याआधीचे ७४० हे २,००० पूर्ण खुर्च्यांचे काटेकोर दर नाहीत, कारण त्या खर्चाचा थोडा भाग अपुऱ्या सांगाड्यांत आहे. या प्रकरणात फरक नगाला १२ रुपये आहे. अर्धवट माल महिन्यागणिक खूप वर-खाली होत असेल तर हा रकाना फॅक्टरी कॉस्टपासूनच सुरू केलेला बरा.

नफा विक्रीवर १५ टक्के आहे. खर्चावर मोजला तर तो साडेसतरा टक्क्यांहून थोडा जास्त भरतो. दर ठरवताना ‘१५ टक्के नफा’ एवढेच सांगितले आणि समोरच्याने १,०२० वर १५ टक्के चढवले, तर दर १,१७३ होतो. विक्रीवर १५ टक्के हवे असतील तर १,०२० ला ०.८५ ने भागावे लागते आणि दर १,२०० येतो. नगामागे २७ रुपयांचा हा फरक केवळ कशावर टक्केवारी, हे न सांगितल्याने पडतो.

२१,९२,००० ते १९,३८,०००

जुना आकडा टाकून देण्याऐवजी त्यापासून नव्यापर्यंत चालत जावे, म्हणजे कोणती चूक किती रुपयांची होती ते कळते. मालात ६८,००० जास्त धरले होते: साठ्यातली वाढ ५०,००० आणि गंजलेला पत्रा १८,०००. मजुरी ५,००० कमी धरली होती. भंगाराचे ३६,००० वजा केले नव्हते. अर्धवट मालातली वाढ २४,००० आणि तयार मालातली वाढ ९४,००० विचारातच घेतली नव्हती. आणि बँकेचे व्याज २५,००० व जुने यंत्र विकताना झालेला तोटा १२,००० हे मिळून ३७,००० खर्चात धरले होते. कर्ज घेतले काय किंवा स्वतःचे भांडवल घातले काय, खुर्ची बनवायला लागणारे श्रम आणि सामान तेच राहते, म्हणून व्याज कॉस्ट शीटबाहेर ठेवतात. यंत्राच्या विक्रीतला तोटा आणि आयकर यांनाही तोच नियम. ५,००० मिळवून बाकीचे वजा केले की २,५४,००० चा फरक पडतो आणि १९,३८,००० जुळतात.

रॉयल्टी, साचा आणि आवक भाडे यांच्या चुकलेल्या जागा या यादीत दिसत नाहीत, कारण त्यांनी एकूण बेरीज बदलली नाही. पण त्यांनी मधले टप्पे बदलले होते. असे ७०,००० वरच्या भागातून खाली गेले असते, तर उत्पादन परिव्यय नगाला ३५ रुपयांनी कमी दिसला असता. अखेरची बेरीज जुळली म्हणून पत्रक बरोबर आहे, असे मानणाऱ्याला हीच चूक कधी सापडत नाही.

जुन्या आकड्याने अखेरच्या ३०० खुर्च्यांची किंमत लावली असती तर ती ३,२८,८०० झाली असती. बरोबर किंमत २,७०,०००. वरचे ५८,८०० म्हणजे जाहिरात, दलाली, व्याज हे सगळे गोदामात माल म्हणून ठेवल्यासारखे झाले असते, आणि त्या महिन्याचा नफा तेवढाच फुगला असता.

५०० खुर्च्यांचे काय झाले

मागणीचा दर तपासताना १,०२० हा आकडाही जसाच्या तसा वापरता येत नाही. त्यात मागच्या महिन्याच्या २०० स्वस्त खुर्च्या मिसळल्या आहेत. नवीन खुर्ची ९०० लाच बनणार, ८९७.८९ ला नाही. म्हणून ९०० अधिक ४९.४७ अधिक ७२.६३, म्हणजे १,०२२.१०. आता या मागणीला जे लागणार नाही ते काढायचे. दलाल नाही, २० रुपये गेले. माल दारातून उचलला जाणार, जावक भाड्याचे ३८,००० भागिले १,९००, म्हणजे आणखी २० गेले. खोका लागणारच, तो राहिला. उरले ९८२.१०. देऊ केलेला भाव १,०८०, म्हणजे नगामागे ९७.९० आणि ५०० नगांवर ४८,९५० रुपये.

एकाच बेरजेच्या यादीतून हे काढता आले नसते. टप्पे वेगळे असले की कोणता खर्च या ग्राहकासाठी गळतो आणि कोणता राहतो, ते ओळीवर बोट ठेवून सांगता येते.

पत्रकाची मर्यादा: मंदीचा महिना

या कारखान्याची सर्वसाधारण क्षमता महिन्याला २,२०० खुर्च्यांची आहे. २,००० हे त्याच्या जवळ असल्याने प्रत्यक्ष उत्पादनाने भागणे चालून गेले. समजा एखाद्या महिन्यात १,१०० च खुर्च्या बनल्या. पर्यवेक्षकांचा पगार, भाडे आणि घसारा मिळून १,५५,००० तसेच राहतात. १,१०० ने भागले तर नगाला १४०.९१ येतात, क्षमतेने भागले तर ७०.४५. पहिला आकडा वापरला तर खुर्ची महागल्यासारखी दिसते, दर वाढवावासा वाटतो, आणि मागणी आणखी घटते. वस्तुतः खुर्ची बनवण्याची रीत तीच आहे, अर्धा कारखाना रिकामा बसला आहे. आयएएस २ प्रमाणेही स्थिर उत्पादन खर्चाचा वाटा सर्वसाधारण क्षमतेवरच काढायचा असतो आणि न सामावलेला भाग त्या काळातला खर्च म्हणून दाखवायचा असतो. म्हणजे ७७,५०० खुर्च्यांवर आणि ७७,५०० नफा-तोटा पत्रकात.

त्यासाठी महिन्याच्या शेवटी आर्थिक वह्यांशी जुळवणी लागते. आपल्या महिन्यात ती तीन ओळींची आहे: कॉस्ट शीटचा नफा ३,४२,०००, वजा व्याज २५,०००, वजा यंत्राचा तोटा १२,०००, वजा गंजलेला पत्रा १८,०००, म्हणजे वह्यांतला नफा २,८७,०००. मंदीच्या महिन्यात तिथे न सामावलेल्या खर्चाची चौथी ओळ येईल. ही जुळवणी एका रुपयानेही चुकली, तर सर्वात आधी दोन्हीकडे साठ्याला लावलेले दर पाहावेत. फरक बहुधा तिथेच सापडतो.